दूध ‘वैलावर’ की ‘सिमवर’?

गुहागरची सून:
मे महिन्यात लेकीला घेऊन सासरी होते. ऐन सकाळी सिलिंडर संपला, म्हणून सासूबाईंनी मागच्या पडवीतली चूल पेटवली. भाताचं आधण चढवलं आणि दुधाचं पातेलं लेकीच्या हातात देत म्हणाल्या, “हे वैलावर ठेव गो.” लेक बारा वर्षांची, वाढली ठाण्यात. तिने चुलीभोवती नजर फिरवली, फडताळात डोकावली आणि शेवटी पातेलं खिडकीत ठेवलं.

सासूबाईंनी तिचा हात धरून चुलीच्या कडेचं दुसरं तोंड दाखवलं. “ह्यात लाकूड घालायचं नाही. चुलीतला जाळ आतल्या भोकातून इकडे येतो, तेवढाच दुधाला पुरे.” लेकीने वर हात धरून बघितला. “म्हणजे सिम! आई म्हणते ना, दूध सिमवर ठेव, तेच हे.”

“सिम म्हणजे?”

“गॅसचं बटण फिरवून ज्योत अगदी कमी करायची.”

“माझ्या चुलीला कुठलं आलंय बटण? जाळ कमी करायचा तर लाकूड मागे ओढायचं.”

त्या दिवसापासून दोघींना नादच लागला. आजी ‘चिपळूण स्टेशनावर’ म्हणते, नात ‘स्टेशनवर’. आजी ‘लाइट घालव’ म्हणाली की नात विचारते, “कुठे घालवू?” आणि एक शब्द दोघींचा निघाला, ‘बारीक कर’. आजी कंदील बारीक करायची, नात गॅस बारीक करते.

तुमच्याकडे वैल म्हणतात का? आणि हा ‘सिम’ आला कुठून?

अलिबागकर:
मूळ शब्द ‘स्लिम’ आहे. ज्योत सडपातळ होते, म्हणून स्लिम. आमच्या घरी सगळे ‘गॅस स्लिम कर’च म्हणतात. घाईत बोलताना त्याचं सिम झालं.

राजापूरचे मास्तर:
स्लिम खूप घरांत ऐकू येतं, पण मूळ ते नव्हे. इंग्रजीत मंद उकळत ठेवण्याला ‘सिमर’ म्हणतात, त्याची तीन अक्षरं शेगडीच्या बटणाशी छापलेली असतात. मात्र तुमच्या घरच्यांना त्यात ‘स्लिम’ ऐकू आलं, ते उगाच नाही. मराठीत ज्योत ‘लहान’ होते त्याहून जास्त ‘बारीक’ होते. कंदिलाची वात बारीक करणाऱ्या कानांना अनोळखी ‘सिम’मध्ये ओळखीचा बारीकपणा सापडला.

मला जास्त मोलाचं वाटलं ते मुलीचं ‘सिमवर’. ‘सिम’ ही बटणाची खूण. पण ती मुलगी दूध ‘सिमवर ठेव’ म्हणते, जणू सिम ही भांडं ठेवायची जागा आहे. आजीच्या चुलीत ती खरोखरच जागा होती. जागा गेली, बोलण्यातला ‘वर’ राहिला.

फरक आहे तो मधल्या ‘आ’चा. वैल–वैलावर, स्टेशन–स्टेशनावर, आजी परक्या शब्दालाही घरच्यासारखं वळवते. नात परका शब्द तसाच ठेवून त्याला ‘वर’ जोडते: सिमवर, स्टेशनवर. तीच मुलगी ‘घरवर’ म्हणणार नाही, ‘घरावर’च म्हणेल. म्हणजे तिला नियम येतो. कुठल्या शब्दांना तो लावायचा, याची यादी तिने बदलली आहे.

अलिबागकर:
मग ‘टेबलावर’? माझी मुलं तेही म्हणतात आणि ‘टेबलवर’ही.

राजापूरचे मास्तर:
टेबल घरात येऊन फार वर्षं झाली, म्हणून ‘टेबलावर’ टिकलं, असं म्हणावं तर स्टेशनही जुनंच. याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही.

देवगडची:
आमच्या चुलीला वैल आहे, पण त्यावरचं पाणी कोमटसुद्धा होत नाही, सगळा धूर चुलीच्या तोंडातून माझ्याच डोळ्यांत येतो. यावर काही उपाय?

गुहागरची सून:
ताई, मी शब्दांबद्दल विचारत होते. पण सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, चूल गार असताना आतल्या भोकात हात घालून बघ, राखेने बुजलं असेल. भोक मोकळं असेल, तर वैलाच्या काठावरचे तीन उंचवटे झिजलेत का ते बघ. भांडं काठावर सपाट बसलं की धुराला वाट उरत नाही, मग जाळही तिकडे ओढला जात नाही. मातीने उंचवटे पुन्हा घालायचे, दोन बोटं उंच.

देवगडची:
उंचवटेच गेलेत! ‘चुलीतून निघून वैलात पडली’ असं माझी आई म्हणायची, ते आता नीट कळलं. पण मास्तर, तो वैल की ते वैल? आई ‘ते’ म्हणायची.

गुहागरची सून:
सासूबाई ‘तो’ म्हणतात. लेक म्हणते, चूल ती, मग वैलही ती. सिम मात्र तिच्या तोंडी ‘तो’.