मदत हवी आहे: नेफ्रॉनच्या आकृतीतील पुसट नामनिर्देशक रेषा नेमकी कोणत्या नलिकेची?

नेफ्रॉनच्या आकृतीला नावे देताना एका रेषेपाशी मी अडलो आहे. बोमन संपुट, केशिकागुच्छ, हेन्लेचा पाश आणि संग्राहक नलिका ही नावे निश्चित झाली आहेत; पाचवी रेषा मात्र संपुटाजवळच्या वेटोळ्यांपर्यंत येऊन छायाभेदात विरते. नेमक्या त्याच जागी समीपस्थ आणि दूरस्थ संवलित नलिका एकमेकींना ओलांडतात, त्यामुळे जवळचे वेटोळे निवडून भागत नाही. माझ्याकडे केवळ छायाप्रतीचे स्कॅन आहे, मूळ आकृती किंवा नावांची यादी नाही.

चित्र मोठे केले, कॉन्ट्रास्ट वाढवला, रंग उलटे केले. रेषा थोडी पुढे दिसली, पण टोक दिसले नाही. संपुटापासून नलिकेचा मार्ग बोटाने गिरवला, तेव्हा पाशाकडे उतरणारे वेटोळे समीपस्थ आणि पाशाकडून परत येऊन संग्राहक नलिकेला मिळणारे दूरस्थ, एवढे स्पष्ट झाले. रेषेचा दिसणारा भाग पट्टीने सरळ वाढवला, तर ती आधी दूरस्थ नलिकेची कड ओलांडते आणि मग समीपस्थ नलिकेच्या पोकळीत पोहोचते.

अशा वेळी रेषा पहिल्या कडेशीच संपली असे मानावे, की दूरस्थ नलिकेसाठी दुसरी रेषा आहे का हे तपासून, नसल्यासच या रेषेला दूरस्थ नलिकेचे नाव द्यावे?