मॅच संपत आली की पोटरीत गोळा येतो, मदत हवी आहे

उजवा_बॅक
मी कोल्हापुरात फुटबॉल खेळतो, वय 23, राइट बॅक. या सीझनमध्ये चार मॅचमध्ये तीनदा तेच झालं. शेवटची पंधरा मिनिटं राहिली की उजव्या पोटरीत गोळा येतो. परवा ओव्हरलॅपला पळून क्रॉस टाकला आणि तिथंच बसलो. पोटरी दगडासारखी घट्ट, आणि कातडीखाली काहीतरी वळवळताना डोळ्यांना दिसत होतं. केळी खातो, हाफ टाइमला ओआरएस घेतो, पाणी भरपूर पितो. प्रॅक्टिसला मात्र एकदाही येत नाही. काय चुकतंय?

जुना_तालीमवाला
बाळा, मीठ कमी पडतंय. घामातून क्षार जातात, मग वांब येतात. आम्ही मॅचआधी लिंबू-मीठ-साखर पाणी प्यायचो. केळी दोन वाढव.

फिजिओ_मिरज
काका, घामातून मीठ जातं हे खरंच आहे. पण रक्तातलं मीठ कमी झालं तर ते अख्ख्या अंगाला कमी पडेल, मग गोळा फक्त उजव्या पोटरीत का? लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉन आणि अल्ट्रामॅरेथॉनमध्ये गोळे आलेल्यांचं आणि न आलेल्यांचं रक्त तपासून पाहिलंय, सोडियममध्ये सांगण्यासारखा फरक सापडला नाही. केळ्यातलं पोटॅशियम तर मॅच चालू असताना स्नायूपर्यंत पोचायलाच उशीर होतो.
आता जास्त वजन दिलं जातं ते थकव्याला. थकलेल्या स्नायूला 'आकुंचन पाव' सांगणाऱ्या नसा जास्त चेकाळतात आणि 'सैल सोड' सांगणारा स्नायुबंधाकडचा संदेश दबतो. त्यात स्नायू आखडलेल्या स्थितीत असताना जोर लावला की गोळा. क्रॉस टाकताना पाऊल खाली ताणलेलं असतं, म्हणजे पोटरी नेमकी आखडलेली.
उजवा_बॅक, तुमची प्रॅक्टिस किती वेळ आणि कशी असते? आणि एका मॅचला आधी व नंतर वजन करा, प्यालेलं पाणी मोजा.

सुमेधा_ठाणे
माझ्या आईला रात्री झोपेत पोटरीत गोळे येतात, वय 68. तिनंही पोटरीचे व्यायाम करावेत का?

फिजिओ_मिरज
सुमेधाताई, ते प्रकरण वेगळं. आईंची सगळी औषधं घेऊन डॉक्टरांना दाखवा, काही गोळ्यांनीही असं होतं. इथला सल्ला त्यांना लावू नका.

उजवा_बॅक
मॅचआधी 64.2 किलो, नंतर 63.1. मधे 700 मिली प्यालो. प्रॅक्टिस मंगळवार-गुरुवार, तासभर. पासिंग, छोट्या मैदानात पाच-पाच, मग शूटिंग. गोळा याही वेळी आलाच.

फिजिओ_मिरज
म्हणजे घाम साधारण 1.8 लिटर, आणि वजनातली घट दोन टक्क्यांच्या आत. पाणी ठीक चाललंय. जबरदस्तीनं आणखी पिऊ नका, अति पाण्यानं सोडियम धोकादायक पातळीला उतरू शकतं.
खरी गोम प्रॅक्टिसमध्ये आहे. तुमची पोटरी तासाभरानंतर पूर्ण वेगानं पळायला कधी शिकलीच नाही, ते ती थेट मॅचमध्येच करते. गुरुवारी शूटिंगनंतर, पाय दमलेले असताना, 30-40 मीटरच्या सहा धावा घ्या आणि मधे चालत परत या. दर आठवड्याला एक-दोन वाढवा. मॅचच्या आदल्या दिवशी नको. शिवाय पायरीच्या कडेवर एका पायावर टाच वर उचला आणि तीन सेकंदांत हळू खाली सोडा. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, कारण वाकवल्यावर आतला स्नायू जास्त काम करतो.
गोळा आलाच तर गुडघा सरळ ठेवून पंजा नडगीकडे ओढून धरा, सैल होईपर्यंत. झटके नकोत.

जुना_तालीमवाला
मग आमच्या पोरांना लोणच्याच्या खारानं बरं वाटायचं, ते काय थोतांड होतं?

फिजिओ_मिरज
थोतांड नाही काका. परदेशात काकडीच्या लोणच्याचं आंबट पाणी देऊन पाहिलं, प्रयोगशाळेत आणलेला गोळा लवकर सुटला. पण इतक्या झटपट की ते पोटातून रक्तात जाणं शक्यच नाही. घशाला आंबट झोंबतं आणि तिथूनच नसांना शांत करणारा संदेश जात असावा, असा अंदाज आहे. आपला खार तेलाचा, त्याचं मी सांगू शकत नाही. आणि मिठाचं पूर्ण खोडतही नाही. जर्सीवर पांढरे पट्टे उमटतात, गोळे दोन्ही पायांत, पोटात, हातात फिरतात, अशा खेळाडूला मीठ वाढवून बघायला मी सांगतो.

बेसलाइन
2023 च्या फ्रेंच ओपन सेमीफायनलला जोकोविचविरुद्ध अल्काराझला तिसऱ्या सेटमध्येच क्रॅम्प आले होते. वय 20, फिटनेस जबरदस्त. तो स्वतः म्हणाला, टेन्शनमुळे झालं.

उजवा_बॅक
हे वाचून आठवलं. ज्या एका मॅचला गोळा आला नाही ती आम्ही हाफ टाइमलाच तीन गोलनं पुढे होतो. पण तेव्हा मी वर कमी पळालो होतो, म्हणजे टेन्शन की पळणं ते कळत नाही.
तीन आठवडे धावा आणि टाचा केल्या. रविवारी शेवटपर्यंत खेळलो. पोटरी शेवटी फडफडत होती, गोळा आला नाही. मात्र आता डाव्या मांडीला मागून ओढ लागते. धावा कमी करू का?

फिजिओ_मिरज
एक आठवडा धावा निम्म्या करा. पळताना एकाच जागी टोचल्यासारखं दुखलं तर तो गोळा नाही, स्नायू फाटण्याची सुरुवात असू शकते. तेव्हा थांबा आणि जवळच्या फिजिओकडून हात लावून तपासून घ्या.