प्रतिसाद: डावीकडे वळणं धोक्याचं
"डावीकडून येणारं जहाज वाट देत नसेल, तर आपणच डावीकडे वळून त्याच्या मागून निघून जावं ना?"

नाही, समुद्रावरच्या टकरी टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नियम १७ हेच टाळायला सांगतो. ते जहाज उशिरा जागं झालं, तर बहुधा स्वतःच्या उजवीकडेच वळेल आणि दोघंही एकाच जागी पोहोचतील. एका रात्री आमच्या डावीकडच्या मालवाहू जहाजाचा हिरवा दिवा, म्हणजे त्याची उजवी बाजू दिसत होती. अंतर घटत होतं, पण होकायंत्रावरची त्याची दिशा तसूभरही बदलत नव्हती. टक्कर होणार याची हीच खूण. आम्ही मार्ग-वेग कायम ठेवून इशारा म्हणून भोंग्याचे पाच छोटे आवाज दिले. तरी ते हललं नाही, तेव्हा उजवीकडे चांगलं साठ अंश वळलो. पाच-दहा अंशांचं वळण अंधारात समोरच्याला कळतसुद्धा नाही.