मदत हवी आहे: रेरा क्रमांक नसल्याचं जाहिरातीत कसं लिहावं?

साताऱ्यात ४५० चौरस मीटर भूखंडावर आम्ही आठ सदनिका बांधतोय. सगळे टप्पे धरूनही भूखंड ५०० चौरस मीटरच्या आत, त्यामुळे रेरा नोंदणी बंधनकारक नाही. बांधकाम परवानगी मिळाली आहे, भोगवटा प्रमाणपत्र काम संपल्यावरच मिळेल. हे मला ठळक लिहायचंय, पण 'रेरा नाही' वाचूनच लोक मागे फिरतात. तुम्ही ग्राहक असता तर कोणते कागद आधी मागितले असते?

दुसरं, किंमत. चटई क्षेत्र ६० चौरस मीटर, ४२ लाख. त्यावर १ टक्का जीएसटी म्हणजे ४२,०००, नोंदणी फी ३०,००० आणि मुद्रांक शुल्क वेगळं. सगळं मिळवून एकच आकडा छापू की फोड देऊ? मला फोडच योग्य वाटते.