मिठाचा लाइट आणि बोअरचं पाणी

"डिशवॉशरच्या मिठाचा लाइट लागतच नाही, म्हणजे मीठ पुरेसं आहे ना?"

नाही, आधी मशीनमधल्या पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरची लेव्हल बघा, कारण बऱ्याच मशीनमध्ये ती शून्यावर असली की मिठाचा लाइट बंदच राहतो, डबा रिकामा असला तरी. लेव्हल ठरवायला टीडीएस मीटरचा आकडा धरा असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही, त्यात सगळेच क्षार मोजले जातात, आपल्याला फक्त हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा हवा, तो टेस्ट किटने किंवा लॅबमधून काढा. आमच्या जळगावकडच्या बोअरचा रिपोर्ट 450 पीपीएम आला, मॅन्युअलमधला तक्ता जर्मन डिग्रीत होता म्हणून 17.8 ने भागलं, साधारण 25, त्या रांगेतली लेव्हल लावली. नळाचं पाणी बंद होऊन बोअर सुरू झाला की परत तपासाच.

लेव्हल बरोबर असेल तर लाइट लागला की मीठ भरायचं, डिशवॉशरचंच जाड मीठ, घरातलं बारीक नको. मिठाच्या डब्यात पाणी फक्त पहिल्या वेळी ओतायचं. आणि भरल्यावर लगेच एक सायकल चालवा, सांडलेलं खारं पाणी आत राहिलं तर स्टील गंजतं. ग्लासवरचा पांढरा थर व्हिनेगरने निघाला तर क्षार आहेत, लेव्हल वाढवा, नाही निघाला तर बहुतेक काचच झिजलीय.