घरच्या महालक्ष्म्यांवर लिहिताना

'आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात, निबंधही त्यांच्यावरच आहे. श्रद्धा बाजूला ठेवून लिहायचं म्हणजे नेमकं काय?'

श्रद्धा सोडू नका. फक्त प्रत्येक वाक्य कोण बोलतंय ते दिसू द्या.

इंदूरला आमच्याकडे अनुराधा नक्षत्रावर उंबऱ्यापासून कुंकवाची पावलं काढत मुखवटे आत आणतात. धर्म-अभ्यासाच्या वर्गात पहिल्या वर्षी मी निबंधात लिहिलं, 'या दिवशी महालक्ष्म्या घरी येतात.' हे भक्ताचं वाक्य. मॅडमनी खोडल्यावर लिहिलं, 'लोकांच्या भाबड्या समजुतीनुसार...' तेही चुकलं, कारण देवी येत नाही हा निकाल तरी मी कशाच्या आधारावर दिला? धर्मांचे अभ्यासक निनियन स्मार्ट यांनी मांडलेला पद्धतीपुरता अज्ञेयवाद हाच: देवी आहे की नाही, हा प्रश्न लिहिण्यापुरता उघडा ठेवायचा. शेवटी जमलं ते असं: 'आजी विचारते, "गौर आली, कशाच्या पावली?" आणि आई उत्तर देते, "सोन्याच्या पावली." आजीच्या लेखी देवी त्या क्षणी घरात आलेली असते.' हे आजीलाही पटलं आणि देव न मानणाऱ्या मैत्रिणीलाही.

पण आतल्या माणसाची मोठी अडचण वेगळीच असते: सवयीचं दिसतच नाही. आमची विधवा आत्या सोळा भाज्या रांधायची, मुखवट्यांना मात्र हात लावत नसे. माझ्या मसुद्यात ती कुठेच नव्हती. 'स्वयंपाक कोण करतं?' हे त्याच मैत्रिणीने विचारलं, तेव्हा मी आत्याशी पहिल्यांदा त्यावर बोलले. गुरुजींची महालक्ष्मी आणि आत्याची महालक्ष्मी वेगळ्या निघाल्या. दोघांचं म्हणणं वेगवेगळं नोंदवा, 'आपली परंपरा' म्हणून एकत्र कालवू नका.