मदत हवी आहे: लिथियम चालू असताना वारीत घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या

सासवडकर
बाबा (वय ६१) गेली बरीच वर्षं लिथियम घेतात, रात्री ९०० मिलिग्रॅम. मे महिन्यातली लेव्हल ०.७ होती. यंदा हट्टाने पायी वारीला गेले. दिवेघाट चढल्यावर गुडघे धरले, म्हणून वाटेतल्या एका शिबिरातून आयब्युप्रोफेन मिळाली, ती फलटणपर्यंत रोज दोनदा घेतली. वाटेत लघवीला जागा नसते म्हणून पाणीही जपूनच प्यायले. काल घरी आणलंय. चहाचा कप धरवत नाही इतका हात थरथरतोय, चालताना झोकांड्या जातायत, दोनदा जुलाब झाले. नुसता थकवा असेल का? लेव्हल उद्या सकाळी केली तर चालेल?

अण्णा_मिरज
उन्हाचा त्रास आहे. चार-पाच लिटर पाणी पाजा, लिथियम धुऊन निघेल. आणि पेनकिलर म्हटली की सगळ्या बंद, क्रोसिनसुद्धा.

औषधवाली
अण्णा, पाणी कमी पडलं हे बरोबर, बाकी नाही. घाम आणि जुलाबातून मीठ गेलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याच्यासोबत लिथियमही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, त्यामुळे लिथियम बाहेर पडायचं आणखी मंदावतं. बाबांच्या बाबतीत दोन्ही एकदम झालं. पॅरासिटामॉलचा हा त्रास नाही.

सासवडकर, उद्यावर टाकू नका. बारीक थरथर नेहमीची असते, पण कप न धरवणं आणि झोकांड्या ही लिथियम चढल्याची लक्षणं आहेत. पुढचा डोस न देता आत्ताच मोठ्या दवाखान्यात न्या. एरवी लेव्हल रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी बघतात, आज ती वाट बघायची नाही. शेवटची गोळी किती वाजता घेतली तेवढं सांगा. क्रिएटिनिन आणि सोडियमही करायला सांगा. आणि रक्त लिथियम हेपरिनच्या नळीत घेऊ नका म्हणावं, आकडा खोटाच वर येतो.

शुभांगी_ठाणे
माझं बीपी आहे म्हणून मी मीठ एकदम बंद केलंय. मीही लिथियमवर आहे. मग हे मलाही लागू?

औषधवाली
हो ताई. एकदम बंद करू नका, रोज साधारण सारखं ठेवा. पाण्याचंही तेच. बीपीची गोळी कुठली? टेल्मिसार्टन किंवा लघवीची गोळी असेल तर त्यानेही लेव्हल चढते. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा.

सासवडकर
लेव्हल १.८ आली, क्रिएटिनिनही वाढलंय. अॅडमिट केलंय, सलाइन चालू आहे, लिथियम थांबवलंय. परत कधी आणि किती सुरू करायचं ते इथले डॉक्टर अजून सांगत नाहीत. गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल लावलं तर चालेल का?

अण्णा_मिरज
जेल कातडीवरच राहतं, बिनधास्त लावा.

औषधवाली
थोडं रक्तात जातंच, गोळीपेक्षा पुष्कळ कमी. पण क्रिएटिनिन वाढलेलं असताना मी माझ्या मनाने हो म्हणणार नाही. वॉर्डातल्या डॉक्टरांनाच विचारा.